धुक्यातली एक रेघ

आमच्या शहरातल्या मस्तगड भागातल्या चित्रकलेच्या वर्गाला माझ्याबरोबर एक निवृत्त शिक्षिका यायच्या. एका रविवारी सकाळी त्यांनी मोबाईलवर आपल्या शेताचा फोटो दाखवला. धुकं, बांध आणि तीन बाभळी. "हाच काढा," सर मला म्हणाले, "पण सगळं काढू नका. धुकं म्हणजे कोरा कागद."

मी डोळे किलकिले करून नुसते गडद आकार हेरले. पातळ शाईच्या एका फटकाऱ्यात बांध आला, दाट शाईनं बाभळी आल्या. मग कुंचला धुक्याच्या कोऱ्या जागेत एकदाच उभा टेकला आणि उभ्या माणसासारखी एक रेघ उमटली. का, ते मला आजही सांगता येत नाही. शाई लगेच कागदात मुरली. आता पुसणं शक्यच नव्हतं.

"हा माणूस फोटोत कुठाय?" सरांनी विचारलं. आम्ही फोटो मोठा करून पाहिला. तिथं कोणीच नव्हतं.

बाईंनी चित्रातल्या त्या रेघेजवळ बोट नेलं. "तिथं आमची विहीर होती. बुजवली ती," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "त्याचं तोंड कोणीकडं हाये?"

एका रेघेवरून ते कळत नाही, असं मी म्हणालो.

त्यानंतर बाई शेतावर एकट्या कधी गेल्या नाहीत.