रिकाम्या बाकावरचा भागाकार

माझी धाकटी बहीण चौथीत होती तेव्हा कुंभकोणमच्या आमच्या शाळेत तिला सगळे ‘सोंबेरी’ म्हणायचे. तमिळमध्ये सोंबेरी म्हणजे आळशी. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण तो शब्द आमच्या जेवणाच्या पानापर्यंत येऊन पोचला होता.

शाळेला तसं वाटावं असंच तिचं वागणं होतं. बोलायला चुणचुणीत, दुकानातून सामान नीट आणणार, शेजारच्या तान्ह्या बाळाला न रडवता न्हाऊ घालणार. मग पाढे का येत नाहीत? बाई म्हणायच्या, “पुस्तक काढ, कालचं पान उघड, तिसरा प्रश्न वहीत उतरव.” ही पुस्तक काढायची आणि तशीच बसून राहायची. संध्याकाळी आईने पक्का करून घेतलेला पाढा सकाळी कुठेतरी गेलेला असायचा. आमचे वडील, अप्पा, म्हणायचे, “मन लावत नाही, बस.” ती मात्र बोटं दुखेपर्यंत तेच गिरवत बसायची.

पाचवीला तिला नव्या बाई आल्या. थोड्याच दिवसांत त्यांनी अप्पांना बोलावून घेतलं. “ही काम टाळत नाही. कुठून सुरुवात करायची तेच तिला कळत नाही. तंजावरच्या मोठ्या इस्पितळात मुलांना तपासणाऱ्या एक बाई आहेत, एकदा दाखवून आणा.”

आम्ही पापनाशमवरून जाणाऱ्या गाडीने तंजावरला गेलो. तपासणाऱ्या बाईंनी तिला ठोकळे जुळवायला दिले, चित्रं दाखवली, तमिळमध्ये प्रश्न विचारले. तमिळ ही घरची भाषा नाही, हे लक्षात ठेवून काही गोष्टी आईकडून मराठीत विचारून घेतल्या. डोळे, कान तपासले. घरी ती काय काय करते, हेही खोदून विचारलं. मग अप्पांना म्हणाल्या, “हा आळस नाही. मुलगी मतिमंदही नाही. हिची समज सर्वसाधारण आणि मतिमंद यांच्या मधल्या काठावर आहे. एका वेळी डोक्यात थोडंच मावतं, आणि शिकलेलं पुन्हा पुन्हा समोर यावं लागतं.”

“औषध?” अप्पांनी विचारलं.

“औषध नाही. शिकवायची रीत बदला. शिकेल ती, पण तिच्या वेगाने.”

परतताना अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. बहीण त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. त्यांनी खांदा जरासुद्धा हलवला नाही.

त्यानंतर जे घडलं त्याचं नवल मला आजही वाटतं. शाळेतल्या बाईंनी तिला पहिल्या बाकावर घेतलं. एका वेळी एकच सूचना द्यायच्या आणि “काय करायचंय, मला सांग” असं तिच्याच तोंडून वदवून घ्यायच्या. इतरांना पानभर गणितं, हिला त्याच प्रकारची मोजकीच, आणि समोर एक सोडवलेलं गणित. उत्तर लिहिता आलं नाही तर तोंडी सांगितलेलं चालायचं. उद्याचा धडा आज घरी तिच्याकडून वाचून घ्या, असं त्यांनी आईला सांगून ठेवलं होतं.

मी त्याच शाळेत वरच्या वर्गात होते. “घरीही असंच घ्यायचं, येऊन बघ,” म्हणून बाईंनी मला मधल्या सुट्टीत बोलावलं. भागाकार चालला होता. बाकावर चिंचोके, आणि पाटीवर खडूचे तीन गोल. बहीण एकेक चिंचोका गोलात टाकत होती. पुढच्या आठवड्यात चिंचोके गेले, नुसती ठिपक्यांची चित्रं राहिली. मध्ये एकदा तिला सगळं विसरायला झालं, तेव्हा बाईंनी कपाळाला आठी न घालता चिंचोके पुन्हा काढले.

मग एके दिवशी बाईंनी नुसते आकडे लिहिले, अठरा भागिले तीन. बहिणीने डोळे मिटले. रिकाम्या बाकावर तिची बोटं हळूहळू फिरू लागली, इथून उचल, तिथे ठेव. तिथे काहीच नव्हतं, तरी ती ते बघत होती. बराच वेळ गेला.

“सहा,” ती म्हणाली. आणि डोळे उघडून, “बरोबर आहे. मी वाटून बघितलं.”

आम्हाला जे क्षणात जमायचं ते ती अशी, एकेक दाणा वाहत, इतकी वर्षं करू बघत होती, आणि तिला आम्ही आळशी म्हणत होतो.

ती सहावीत गेली तेव्हा बाईंनी पुढच्या शिक्षकांना स्वतः भेटून सगळं समजावलं. काहींनी ऐकलं, काहींनी नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती दहावीला बसली आणि गणितात नापास झाली. आम्ही सगळे तिला काय सांगायचं याचा विचार करत असताना ती स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाली, “परत बसते. या वेळी आधीपासून थोडं थोडं करू या.”

तिने परत अभ्यास केला आणि पास झाली. आता ती नाचियारकोविलच्या एका समयांच्या दुकानात नोकरी करते. नवीन काम आलं की मालकाला म्हणते, “एकदा करून दाखवा, मग मी करते.”