पंधरावी चिठ्ठी

इंद्रभान, तुमचं ते जाहिरातीचं पत्र मी पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा फाडणार होते, हे आता सांगायला हरकत नाही.

१९३८ सालचा श्रावण. मी नागपूरहून डॉक्टरी शिकून वाशीमला दवाखाना उघडला त्याला पाच महिने झाले होते. स्टेशनच्या रस्त्यावर घर, एक टेबल, औषधांचं कपाट आणि मारोतराव कंपाउंडर, ज्यांना माझ्यापेक्षा स्वतःच्या पगाराची काळजी जास्त होती. पेशंट आठवड्याला दोन. वडिलांनी नागपूरहून बजावलं होतं, "दसऱ्याला मी येईन. तोवर दवाखाना चालला नाही तर सामान बांध." दवाखाना बंद म्हणजे पुढे काय, तेही ठरलेलं होतं. अमरावतीच्या एका वकिलाची पत्रिका येऊन पडली होती.

अशा वेळी तुम्ही आलात. डोक्याला फेटा, एका हातात गेरूची बादली, दुसऱ्या हातात पत्र्याचा भोंगा. जऊळक्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, चौथी पास. बैलांपेक्षा माणसांना हाकणं सोपं, म्हणून शेत भावाकडे टाकून निघालेला. तंबूतल्या सिनेमापुढे ओरडून ओरडून तुमचा आवाज घोगरा झाला होता. त्याच घोगऱ्या आवाजात तुम्ही म्हणालात, "बाई, तुमचा दवाखाना कोनाले माईतच नाही. मी लिहून आनलं आहे. वाचा."

पत्र वहीच्या दोन पानांवर होतं.

"डॉक्टरीणबाईंस इंद्रभानचा नमस्कार. काम असे की दवाखान्याची जाहिरात मी करीन. वाशीमच्या बाजारात पिवळ्या चिठ्ठ्या दोनशे, मालेगावच्या बाजारात गुलाबी दोनशे. रंग वेगळे कशाला, तर कोणत्या बाजाराचा माणूस आला ते समजावे. आलेल्याने चिठ्ठी दारातल्या डब्यात टाकावी, कंपाउंडरने मोजावी. मोटारस्टँडच्या भिंतीवर गेरूने मोठी अक्षरे. बाजाराच्या दिवशी बैलगाडी, भोंगा आणि मी. छपाई, गेरू व गाडीभाडे तुमच्याकडे. माझी फी दरमहा सात रुपये. पहिला महिना परीक्षेचा. डब्यात पंधरा चिठ्ठ्या पडल्या तर फी, चौदा पडल्या तर एक पैसा नको."

त्याखाली चिठ्ठीचा मजकूर होता. माझं नाव, त्यापुढे 'प्रख्यात' आणि शेवटी 'हमखास गुण'.

मी लाल पेन्सिल घेतली. "प्रख्यात कोण? मला शेजारीण ओळखत नाही. आणि हमखास काही नसतं."

"सिनेमाले तर मी 'आजचा शेवटचा खेळ' पंधरा दिवस ओरडलो," तुम्ही म्हणालात.

"डॉक्टरनं स्वतःची जाहिरात करायची नसते. मेडिकल कौन्सिलनं ठरवलं तर डॉक्टरांच्या नोंदवहीतून नाव कमी होतं."

"मंग नाव कायले टाकता? नाव काढा. घर सांगू."

नाव गाळलं की भागलं, असं मी मनाला समजावलं. खरं तर तेही काठावरचंच होतं, पण वकील डोळ्यांपुढे होता. तुम्ही दुपारीच माझं दार हिरवं रंगवलंत आणि नवा मजकूर केलात: 'बाया-लेकरांचा दवाखाना. तपासणारी बाईच. स्टेशनचा रस्ता, हिरवे दार. ही चिठ्ठी घेऊन या.'

शेवटची ओळ मोजणीसाठी होती. त्याच ओळीनं आपला घात केला.

महिनाभर तुम्ही काम चोख केलंत. भोंगा ऐकून मालेगावच्या बाजारात म्हशी बिथरल्या, अशी तक्रारही आली. पण डब्यात काय? दसऱ्याच्या आदल्या दिवशी मारोतरावांनी डबा उपडा केला. पिवळ्या चौदा. गुलाबी एकही नाही.

"मालेगावकडच्या बंजारा तांड्यावरून आठ-आठ दिवसांनी एकेक बाई येते," मारोतराव म्हणाले, "चिठ्ठी दाखवते अन् पदराच्या गाठीत परत नेते. टाका म्हटलं तर माझ्याच अंगावर येते."

तुम्ही एकदम ताठ झालात. "कोन्या रंगाची?"

"गुलाबी."

"येकच चिठ्ठी?"

"मी काय चिठ्ठीचं तोंड पाहतो? कोपऱ्यावर हळदीचा डाग असतो बा."

तुम्ही भोंगासुद्धा न घेता निघून गेलात. मला वाटलं, फी बुडाली म्हणून रागावले. मी ट्रंक खाली काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील आले. ओसरी रिकामी. त्यांनी माझ्या नोंदवहीची पानं उलटली, अंगठा न भिजवता, कारण पानं फार नव्हतीच. "महिन्याचे वीस? विजयमाला, हा दवाखाना आहे की छंद?"

तेवढ्यात बाहेर बैलगाडी थांबली. पुढे कासरे धरून तुम्ही धुरकरी होऊन बसलेले, मागे दाटीवाटीनं अकरा बंजारा बाया, लेकरं वेगळी. सगळ्यांत आधी उतरली ती नानीबाई, हात भरून हस्तिदंती बांगड्या आणि तोंड त्याहून वाजणारं.

"ए बाई, तुय्या घरी येका कागदावर येकच बाई पायतेत म्हने?"

"कोण म्हणालं?"

"कोन म्हनन? सिनेमात काय होते? ज्याच्याजवळ रंगाचा कागद, तो तंबूत. ज्याच्याजवळ नाही, त्याले हाच इंद्रभान हाकलते! आमाले येकच कागद भेटला. बाकीचे गड्यांनी बिडीले लावले. मंग पाळी लावली आमी. या आठवड्यात धुरपताबाई, पुढच्यात रुपाबाई. रुपाबाईचं पोट दुखून राह्यलं तरी ते पाळीचीच वाट पाहत बसली!"

तुमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्याच गावांत तीन हंगाम तुम्हीच रंगीत तिकिटं वाटली होती आणि विनातिकिटाला कॉलरला धरून बाहेर काढलं होतं.

मी ओरडूनच सांगितलं, "कागद लागत नाही! कुणालाच लागत नाही! आत या!"

पहिली रुपाबाईला घेतली. दुपारचे तीन वाजले तरी ओसरी भरलेलीच, कारण गाडी पाहून रस्त्यावरच्याही बाया शिरल्या. वडील पाण्याचे तांबे भरून देत होते. संध्याकाळी त्यांनी स्वतःची पिशवी उचलली आणि म्हणाले, "ती ट्रंक वर ठेव. वाटेत येते." वकिलाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मी तुमच्यापुढे सात रुपये ठेवले. तुम्ही हात मागे घेतलात.

"चौदाच पडल्या बाई."

"अहो, अकरा बाया आणल्यात!"

"पत्रात चिठ्ठ्या लिवल्या, बाया नाही. पंधरावी नानीबाईच्या गाठीत आहे. ते आना, डब्यात टाका, मंग हक्कानं घेतो."

"इतका कसला ताठा?"

"ताठा नाही. उद्या दुसऱ्याले पत्र लिवीन तर माह्या आकड्यावर भरोसा पायजे ना."

मी कबूल केलं. पुढच्याच आठवड्यात एका बाईच्या बाळंतपणाला तांड्यावर गेले. नानीबाईच्या गाठीत चिठ्ठी होती, मी पाहिली. हात पुढे केला तर ती म्हणाली, "राहू दे बाई. तुमा शिकलेल्यायचा काय भरोसा? उद्या म्हनसान, कागद आना." मी हात मागे घेतला. रुपाबाईच्या सुनेची वेळ जवळ आली होती, आणि मध्यरात्री दार ठोठावायला त्या गुलाबी तुकड्याचा त्यांना धीर असेल तर तो मी काढून घेणार नव्हते.

दिवाळीनंतर तुम्ही नव्या तंबूबरोबर हिंगोलीकडे गेलात. जाताना दारातून ओरडलात, "बाई, पंधरावी?"

"आणते," मी म्हणाले. त्यानंतर त्या तांड्यावर मी कितीदा गेले, याचा हिशेब नाही. चिठ्ठी मागितली मात्र एकदाही नाही.