बंधनकारक काय, ते मी फोनवर खोडलं

“फॉर्मॅलिटी आहे हो, ताई,” असं मी फोनवर म्हणालो. ते खरं नव्हतं आणि मला ते माहीत होतं.

भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी खरेदी बघतो. भांडी भरायला लागणारे पुठ्ठ्याचे खोके काशीगावच्या एक ताई पुरवायच्या. पाच-सहा बायका हाताशी घेऊन त्या एक शेड चालवतात. वर्षभराची खरेदी त्यांच्याकडेच द्यायची असं ठरलं, तेव्हा कराराआधीचं लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे इरादापत्र, मी ईमेलने पाठवलं. त्यात खोक्यांची वर्षाची संख्या म्हणजे फक्त अंदाज. ती बंधनकारक नाही, करार झाला तरच खरेदी पक्की. बंधनकारक मुद्दे दोनच. दर बाहेर सांगायचे नाहीत आणि करार होईपर्यंत, जास्तीत जास्त तीन महिने, त्यांनी अर्धं उत्पादन आमच्यासाठी राखून ठेवायचं. पटलं तर उलट ईमेलने मान्यता द्यायची.

त्यांचा लगेच फोन आला.

“दादा, दर सांगायचे नाहीत ते ठीक. पण काम मी राखायचं, आणि घ्यायचं का नाही ते तुमच्या मर्जीवर? हे कसलं लग्न?”

मी हसलो. शुक्रवारची संध्याकाळ होती, मला फाइल बंद करून घरी जायचं होतं.

“फॉर्मॅलिटी आहे हो, ताई. माल जाणारच आहे.”

“तुम्ही म्हणताय ना? मग पाठवते मान्य म्हणून.”

आमच्याकडे असंच चालतं. ईमेल फाइलला, शब्द फोनवर.

माझ्या शब्दावर त्यांनी वरसाव्याच्या एका मसालेवाल्याला खोके पुरवायचं काम सोडलं. दोन महिन्यांनी आमच्या मालकांनी खोके दुसरीकडून घ्यायचं ठरवलं. मी ताईंचा विषय काढला.

“लिहून काय दिलंय?” मालक म्हणाले. “इरादा होता, बदलला.”

त्यांचं चूक नव्हतं. ते पत्र मीच लिहिलं होतं.

मी ताईंना फोन केला नाही, चार ओळींचा ईमेल पाठवला. मग लक्षात आलं की उत्पादन राखायची अट अजून महिनाभर त्यांच्या गळ्यात आहे. ती आजपासून संपली, असं मालकांकडून लेखी घेतलं, ते ताईंना पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी काशीगावला गेलो.

शेडमध्ये एकच मशीन चालू होतं. मसालेवाल्याने तोवर दुसरा माणूस धरला होता.

“बसा,” ताई म्हणाल्या. “अट काढलीत, बरं केलंत. पण दादा, मी काही ईमेलवर काम सोडलं नव्हतं. तुमच्यावर सोडलं होतं.”

मी बसलो नाही.

“ताई, ती फॉर्मॅलिटी नव्हती. तुम्ही बरोबर वाचलं होतंत. मला घरी जायची घाई होती म्हणून मी तुम्हाला खोटं सांगितलं. माझं चुकलं. मला माफ करा.”