बेसिनला गेलेला तडा

भावजी,

तुम्हाला लांबलचक लिहिलेलं आवडत नाही, पण या वेळी वाचावं लागेल. तुमच्याबद्दल या घरात जे बोललं जातं ते अर्धवट आहे, आणि अर्धवट गोष्टींचा मला लहानपणापासून संताप येतो.

तुमचे थोरले भाऊ, म्हणजे माझे यजमान, कॉलेजात गेले. तुम्ही सोळाव्या वर्षी एका प्लंबरच्या हाताखाली लागलात. लग्न केलं नाहीत. आमच्याच मागच्या खोलीत राहिलात आणि अर्ध्या गावाचे नळ दुरुस्त केलेत. हात थरथरायला लागले तेव्हा माझ्या मुलाने, तुमच्या पुतण्याने, धोशा लावला, ‘काका, आता काम बंद करा.’ तुम्ही म्हणालात, “पान्यावर हात ठेवला की थरथरत नाही रे.” ते खरं होतं. मी पाहिलेलं आहे.

मग वरच्या बाथरूमचं बेसिन हलायला लागलं. सूनबाई त्यावर दोन्ही हात टेकून तोंड धुतात. शेवटी ते भिंतीपासून बोटभर पुढे आलं. मुलगा म्हणाला, “करून दाखवा काका. हे नीट झालं तर मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही.” घरातल्या माणसाची परीक्षा. मला तेव्हाच राग आला होता.

तुम्ही खालचा कॉक बंद केलात, पाइप सोडवलात. बेसिन दोघांनी उचलून दुमडलेल्या गोधडीवर ठेवलं. एक बाजू मीच धरली होती. ब्रॅकेट हातानेच निघून आलं. “बघा वहिनी, स्क्रू नुसता गिलाव्यात बसलाय, विटेपर्यंत पोचलेलाच नाही. काय महान कारागीर होता.”

“तुमच्याच हाताखाली शिकलेला असेल.”

“म्हणून तर बघवत नाही.”

जुनी भोकं सोडून तुम्ही नवी पाडलीत. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा ठोका बंद ठेवलात, विटेला लागल्यावर सुरू केलात. स्क्रू पकडायला भोकांत गुट्ट्या ठोकल्यात, लेव्हल लावलीत, ब्रॅकेट आवळलंत. बेसिन बसवताना लोखंड आणि चिनीमाती यांच्यामध्ये रबर घातलंत, मागच्या दोन्ही नटांखाली रबरी वॉशर. नट आधी हाताने, मग पान्याने जरासा डावा, जरासा उजवा, पुन्हा डावा. भिंतीच्या फटीत सिलिकॉन भरलंत आणि दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलंत, “उद्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही. थोडं हललं तरी नट आवळायचा नाही. ते सुकल्यावर धरेल.”

संध्याकाळी चिरंजीव ऑफिसातून आले आणि बूट काढायच्या आधी बेसिन हलवून पाहिलं. केसभर हललं. गाडीतला पाना घेऊन वर आला.

मी म्हटलं, “काकांनी काय सांगितलंय?”

“आई, तू एम. ए. आहेस, प्लंबर नाहीस.”

“तू तरी कुठे आहेस?”

उजवा नट त्याने दात आवळून फिरवला. एकाच बाजूचा. टक्‌ असा आवाज आला, फार मोठा नाही. नटाच्या भोकापासून काठापर्यंत तडा गेला.

तुम्ही आलात तोवर त्याने बायकोला सांगून टाकलं होतं की काकांनी जास्तच आवळलं. मी तुमच्यादेखत म्हटलं, “याने आवळलं, मी पाहिलंय.” तो म्हणाला, “तू त्यांची बाजू घेणारच.” सूनबाई तुमच्या हातांकडे पाहत राहिल्या. तुम्ही तड्यावरून अंगठा फिरवलात, उजव्या वॉशरकडे पाहिलंत. चिरडून बाहेर आला होता, डावा जसाच्या तसा होता. तुम्हाला कळलं. त्यालाही कळलं की तुम्हाला कळलं. आणि तुम्ही म्हणालात, “नवीन बेसिन बघ. हे टिकणार नाही.”

एवढंच. तुमच्या समजूतदारपणाचं सगळे कौतुक करतात, मला तो कधीच आवडला नाही. ज्याला खांद्यावर बसवून मोठा केलात त्याला बायकोसमोर खाली बघायला लावायचं नव्हतं, म्हणून स्वतः खाली पाहिलंत. त्याने काय केलं? तुमची हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकली. “पडाल कुठेतरी, काका. तुमच्याच भल्यासाठी.” कामासाठी विचारायला आलेल्यांना दारातूनच सांगायला लागला की काका रिटायर झाले.

महिन्याभरात तुम्ही बाजारामागे खोली घेतलीत. जाताना जिन्यात हळूच म्हणालात, “वहिनी, बाकीचं राहू दे. ड्रिल तेवढं पाठवाल का? तिथे दोघातिघांनी काम सांगितलंय.”

माझे गुडघे स्टुलावर चढत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला सांगितलं, तर म्हणाला, रविवारी काढतो. पुढच्या रविवारी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाला, “आई, त्यांना कशाला हवंय आता ते?” सूनबाईंना सांगितलं, त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

परवा पुन्हा विचारलं. रविवारी काढतो म्हणाला. तुम्ही मात्र पुन्हा विचारलं नाहीत.