डॉलरची यादी आणि माझी मिरचीची सवय

आमच्या विसरवाडीकडच्या बायकांचा मिरची पावडरीचा धंदा. पाच गावांचे पाच गट, आणि पाकिटं सील करायला प्रत्येक गटाला एकेक मशीन हवं होतं. दोन परदेशी कंपन्यांनी भाव कळवले, तेही डॉलरमध्ये. दुपारपर्यंत ऑर्डर द्यायची होती, आणि ज्या बायकांनी महिनोन्‌महिने पैसे बाजूला टाकले, त्यांना आम्ही शब्द दिला होता, की स्वस्तात स्वस्तच घेऊ.

यादी माझ्या सुनेने कॉम्प्युटरवर केली. आमची खजिनदारीण चष्मा नाकावर घेऊन वाचायला बसली.

"हाई दुसरी स्वस्त शे! पहिली पस्तीस हजार एकसष्ट, दोन पैसे. दुसरी चौतीस हजार नऊशे पंच्याऐंशी, एक पैसा. मग थांबानं कसाले?"

मी मात्र डॉलरचा रकाना बघत होते. पहिली ४१२ डॉलर, दुसरी ४१५.५०. जास्त डॉलरचं मशीन रुपयांत कमी कसं होईल, सांगा बरं?

"पोरी, डॉलरचा दर काय धरलास?"

"आत्याबाई, तुम्हीच म्हणाल्या होत्या ना! दुसरीचा भाव सोमवारी आला, तेव्हा ८४.२० होता. पहिलीचा आज आला, आज ८५.१०."

घ्या! चूक माझीच. मिरचीच्या बाजारात जन्म गेला, तिथे ज्या दिवशी पोतं आलं त्या दिवशीचा भाव. तीच सवय मी हिच्या गळ्यात बांधली. पण इथे पोती विकायची नव्हती, दोन मशिनं शेजारी ठेवून बघायची होती. मी म्हटलं, "वर एकच दर लिही, आजचा ८५.१०, आणि दोघींना तोच लाव."

दुसरीचे झाले ३५३५९.०५.

"आणि हे पहिलीचं ३५०६१.२ असं तोडून लिहू नको. ते वीस पैसे आहेत, आणि आमची बाई दोन वाचते. सगळीकडे दशांशापुढे दोन आकडे. शून्य असलं तरी लिहायचं."

"मन्हा डोळा चांगला शे!" खजिनदारीण फणकारली. मग नवी यादी निघाली: ३५०६१.२०, त्याखाली ३५३५९.०५. रुपयांखाली रुपये, पैशांखाली पैसे. तिने बोट ठेवून वाचलं. एका मशीनमागे जवळपास तीनशे रुपये वाचत होते. पाच गटांचे दीड हजार!

"पण पैसे भरानं दिवशी दर बदली गया तर?" तिने शेवटचा डाव टाकला.

"बदलू दे की. दोघींचा सारखाच बदलेल. पहिली तरीही स्वस्तच."

ती हसली, सुनेकडे वळली आणि म्हणाली, "लाव फोन पहिलीले. आणि तुन्ही सासूले सांग, पुढल्या वेळी मिरची घरीच ठेव."