मामाजींचे कान आणि माझा पदर

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, मुलाचं सगळं ऐकतात आणि सुनेचं मात्र एक अक्षरही ऐकत नाहीत, असा आमच्या आंधळगावच्या घरात ठाम समज होता. "सोयीचा बहिरेपणा," माझे यजमान म्हणायचे. मलाही ते पटायचं, कारण मी काही बोलले की मामाजी नुसती मान डोलवून "हो, हो" म्हणायचे.

त्यात माझी बोलायची तऱ्हा. आमच्यात सुनेनं सासऱ्यांसमोर तोंड वर करून बोलायचं नसतं. डोक्यावर पदर, त्याचं टोक तोंडाशी, स्वयंपाकघराच्या दाराआड अर्धी उभी, आणि आवाज खालचा. माझे केस पिकायला लागले तरी मामाजी दिसले की हात आपोआप पदराकडे जायचा. "मामाजी, कारल्याची भाजी वाढू का?" मी दाराआडून विचारायची. "हो, हो." मग मी चांगल्या दोन पळ्या वाढायची. त्यांना कारलं जीव की प्राण आहे, असं मी साऱ्या पाहुण्यारावळ्यांना सांगत सुटले होते.

गेल्या वर्षी मामाजी ताट घेऊन मागच्या खोलीत जायला लागले. बाहेर टीव्ही, पंखा, कुकरची शिट्टी, आणि आम्ही सगळे एकदम बोलणारे. आधी वाटलं, रुसले असतील. मग एक दिवस यजमान हळूच म्हणाले, "बाबाच्या डोक्यात फरक पडून राहिला वाटते." ज्यांच्या एका हाकेवर अख्खं घर हलायचं, ते भिंतीकडे तोंड करून एकटे जेवतात, हे मला बघवेना. मीच हट्ट धरला आणि मामाजींचे कान तपासायला बापलेकांना भंडाऱ्याला नेलं.

तिथल्या मॅडमनी मामाजींना आवाजबंद खोलीत बसवून बराच वेळ तपासलं. मग म्हणाल्या, डोक्याचं काही नाही, वयानं दोन्ही कानांचं ऐकणं कमी झालंय. जाडे आवाज बरे ऐकू येतात, बारीक आवाज निसटतात. स, श, फ, ट असली अक्षरं गळाली की आवाज पोचतो, पण शब्द लागत नाही, आणि गोंगाटात तर मुळीच नाही. यजमानांचा आवाज घोगरा, माझा बारीक. सोयीचा बहिरेपणा तिथेच निकालात निघाला.

"मी तेच सांगून राहिलो," मामाजी मुलाकडे बघून म्हणाले. "आयकू येते, समजत नाही. अन् तू कानापाशी येऊन बोंबलते कायले?"

मॅडमनी यजमानांनाच समज दिली. ओरडल्यानं शब्द आणखी बिघडतो. आधी हाक मारा, मग समोर बसून, उजेडात, सावकाश बोला. टीव्ही बंद करा. एका वेळी एकानंच बोला. समजलं नाही तर तेच तेच न घोकता वाक्य बदलून सांगा. दोन्ही कानांना मशीन लागेल, पण त्याची सवय व्हायला काही आठवडे जातील, आणि मशीन लावलं तरी हे सगळं पाळावंच लागेल. "ते बोलणाऱ्याचे ओठ बघून बरंच जुळवून घेतात," त्या म्हणाल्या. "घरात त्यांच्याशी जास्त कोण बोलतं?"

यजमानांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी मामाजींच्या खुर्चीमागे उभी, पदर ओठांवर. मॅडमना हसू आवरेना.

मान राखता राखता मी त्यांच्या कानांची उरलीसुरली सोयही काढून घेतली होती!

मशीन आलं. पहिल्याच दिवशी मामाजींनी, "हा पंखा असा खडखडते?" म्हणून पंख्यावर डोळे वटारले. संध्याकाळी मी टीव्ही बंद केला, त्यांचं ताट बाहेर मांडलं आणि दिव्याखाली समोर बसले. पदर डोक्यावरच ठेवला, तोंडावरचा तेवढा काढला. लाजेनं कान गरम झाले होते. नव्या नवरीलाही एवढी लाज वाटत नसेल.

"मामाजी."

त्यांनी वर बघितलं.

"कारल्याची भाजी वाढू का?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नको. कारलं मले आवडत नाही."

यजमानांना ठसका लागला. मी पळी हातात तशीच धरून विचारलं, "मग इतके दिवस खाल्लं कायले?"

"तू दाराआडून काहीतरी विचारे," मामाजी म्हणाले. "मायेनं विचारते, एवढं समजे. नाही म्हणासाठी आधी काय विचारलं ते तर समजाले पाह्यजे ना, बाई."

माझे डोळे भरून आले. आता लपवायला तोंडावर पदरही नव्हता.

"वरण वाढ," ते म्हणाले, आणि ताट माझ्याकडे सरकवलं.