न पुसलेला फळा

गवई मॅडम फळा पुसत नाहीत, हे चिखलीच्या त्या कॉलेजात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या बाकांवरच्या पोरी खेड्यांतून एसटीने येत, उतरवून घ्यायला त्यांना वेळ लागे, आणि कुणी डस्टर उचललं की त्यांचा जीव खालीवर होई. म्हणून महामाया गवई एका ओळीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी असं लिहीत पार फळ्याच्या तळाशी जायची. पोरींना ती फार आवडायची. माणसाचा घात त्याच्या वाईट सवयीच करतात असं आपण धरून चालतो, पण तसं काही नसतं.

महामाया उंद्रीची. वडील गुलाबराव पोस्टातून निवृत्त झालेले, आई कलाबाई. पोरगी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे सुट्टी लागली की नोकरीही सुट्टीवर आणि जून आला की पुन्हा नव्याने अर्ज, हे कलाबाईंना कधी नीट उमगलंच नाही. त्या शेजारणींना खुशाल ‘आमची प्राध्यापक’ म्हणून सांगत, आणि महामाया मान खाली घालून घरात निघून जाई. यंदा बुलढाण्याच्या एका कॉलेजात संगणकाची कायम जागा निघाली. अशी जागा जिल्ह्यात पुन्हा कधी निघेल, हे कुणी सांगावं? महामायेने सगळा जीव त्या एका मुलाखतीत ओतला.

मुलाखतीत समितीपुढे एक पाठ घेऊन दाखवायचा होता. विषयाची चिठ्ठी तिनेच उचलली. एकच अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांच्या रकान्यांची एकच रांग, वापरून पास्कलच्या त्रिकोणाची ओळ तयार करणे. चिठ्ठी वाचून तिला हसूच आलं, कारण हा धडा तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी आला असता. दोन्ही टोकांना एक, आणि मधला प्रत्येक आकडा म्हणजे वरच्या ओळीतल्या दोन शेजाऱ्यांची बेरीज. एवढंच तर आहे.

जुन्या अभ्यासक्रमात यासाठी दोन अ‍ॅरे असायचे. एकात जुनी ओळ ठेवायची, दुसऱ्यात नवी भरायची. मग अभ्यासक्रम बदलला आणि एकाच अ‍ॅरेत करा, असा हुकूम आला. महामायेने जुन्या प्रोग्राममधलं दुसऱ्या अ‍ॅरेचं नाव खोडून तिथे पहिल्याचंच नाव घातलं. बाकी सगळं तसंच ठेवलं. आकडे डावीकडून उजवीकडे बदलत जायचे, तेही तसंच. कॉम्प्युटरवर चालवून बघायला लॅब होती, पण यूपीएसच्या बॅटऱ्या बसल्यापासून लॅबला कुलूप होतं आणि प्रॅक्टिकल कागदावर व्हायचं. फळ्यावर तर उत्तर दरवर्षी बरोबरच येई.

समितीपुढेही आलं. तिने चार रकाने आखले, त्यांत एक, दोन, एक आणि शेवटी शून्य लिहिलं, आणि सवयीने खाली नवी ओळ उतरवली. एक, तीन, तीन, एक. समितीत बाहेरगावचे एक वयस्क प्राध्यापक होते. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “मॅडम, अ‍ॅरे एकच आहे ना? मग जुनी ओळ अजून फळ्यावर कशी? तेच रकाने पुसून करून दाखवता?”

महामायेने डस्टर हातात घेतलं. दुसऱ्या रकान्यातले दोन, डावीकडचा एक, बेरीज तीन. दोन पुसून तीन लिहिले. तिसऱ्या रकान्यात एक होता. त्याच्या डावीकडचे दोन मिळवायचे होते, पण दोन आता होतेच कुठे? ते तिने स्वतःच्या हाताने पुसले होते. तिथे तीन होते. एक आणि तीन, चार. शेवटच्या शून्यात ते चार मिळवले, पुन्हा चार. फळ्यावर एक, तीन, चार, चार असं उभं राहिलं.

“आता उजवीकडून या,” प्राध्यापक म्हणाले. तिने पुन्हा जुने आकडे मांडले. शेवटचं शून्य आणि त्याच्या डावीकडचा एक, एक. तिसरा एक आणि डावीकडचे दोन, तीन. दुसरे दोन आणि डावीकडचा एक, तीन. दरवेळी डावीकडचा आकडा जुनाच सापडत होता, कारण तिथे अजून हातच लागला नव्हता. एक, तीन, तीन, एक. इतकं साधं होतं, आणि इतकी वर्षं तिला दिसलं नव्हतं, कारण न पुसलेली ओळ वरून बघत गुपचूप उत्तर पुरवत होती. प्राध्यापकांनी आभार मानले. ते चांगले गृहस्थ होते, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

जागा गेली, हे तिला बुलढाणा सोडायच्या आधीच कळून चुकलं होतं. चिखलीला गाडी बदलून खिडकीशी बसली तोवर ते दुःख कसंबसं गिळलंही होतं. पण गाडी सुटली आणि तिला अर्पिता आठवली.

अर्पिता अमडापूरची. वर्गात सगळ्यांत हुशार. दोन वर्षांपूर्वी कॉलेजात कंपनीचे लोक आले, तेव्हा मुलाखतीपर्यंत पोचलेली ती एकटीच. तिला हाच प्रश्न विचारला होता. बाहेर येऊन म्हणाली होती, मॅडम, तुम्ही शिकवलं तसंच लिहिलं, पण ते चूक म्हणाले. महामायेने तिची समजूत घातली होती की घाबरून काहीतरी सुटलं असेल. एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण तेव्हापासून ती दर नव्या वर्गाला सांगत आली की मुलाखतीत अर्पितासारखं घाबरायचं नाही.

अमडापूर आलं तशी ती उतरली. बाजाराचा दिवस होता. अर्पिता आईजवळ, कौशल्याबाईंजवळ, वांग्यांच्या ढिगामागे बसून तराजू धरत होती. मॅडमना पाहून तिने पोतं झटकून बसायला दिलं. महामायेने बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं, मुलाखतीचं, पुसलेल्या आकड्याचं, आणि चूक तिची नव्हती हेही.

अर्पिताने गिऱ्हाइकाचं वजन पुरं केलं. मग म्हणाली, “मले मालूम होतं, मॅडम. त्याच दिवशी घरी येऊन मांडून पाह्यलं. तुमी पुसत नव्हत्या, म्हणून जमून जाये.”

“मग मले सांगितलं काऊन नाही?”

“सांगाले आली होती. दारात उभी होती मी. तुमी वर्गात माह्यं घाबरल्याचंच सांगून राह्यल्या होत्या.” तिने एक किडकं वांगं बाजूला टाकलं. “मंग आली वापस.”

महामायेला वाटलं होतं, पोरगी रडेल, निदान चिडेल तरी. तसं काहीच झालं नाही. पुढच्या नोकरीचं विचारलं तर अर्पिता म्हणाली की आता नाही करत अर्ज, दोन वर्षांत सराव मोडून गेला, आणि घरच्यांनी लग्नाचं बघितलंय. हे सगळं ती वांगी निवडता निवडता बोलत होती. कौशल्याबाईंना यातलं काही कळलं नाही. मॅडम भेटायला आल्या याचा त्यांना आनंद झाला होता, आणि त्या पिशवीत भाजी भरत होत्या. महामाया नको नको म्हणत राहिली, आणि पिशवी तिच्या मांडीवर आली.

उंद्रीच्या गाडीचा हॉर्न वाजला. ती उठली तेव्हा अर्पिताने सहज विचारलं, “मॅडम, मंग यंदाच्या पोरींइले उजवीकडूनच शिकवलं असंन न?”

यंदाच्या पोरी डावीकडूनचंच शिकून, परीक्षा देऊन केव्हाच आपापल्या गावी गेल्या होत्या. महामाया पिशवी छातीशी धरून गाडीत चढली.